एकच आकडा चुकीच्या जागी, तरी २८ तुलना: बबल सॉर्ट, सिलेक्शन सॉर्ट आणि फ्लॅगचं गणित

प्रश्न: डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला बबल सॉर्टमध्ये फ्लॅग लावून लवकर थांबायचं होतं. माझी यादी ४२, ४७, ५१, ५८, ६३, ७०, ७६, ३५. फक्त ३५ चुकीच्या जागी आहे, तरी पूर्ण २८ तुलना झाल्या. मित्राची यादी ७६, ३५, ४२, ४७, ५१, ५८, ६३, ७०. त्यालाही एकच आकडा चुकलेला, पण त्याच्या १३ तुलनांत काम झालं. स्वॅप दोघांचे ७. माझा कोड चुकलाय का? आणि सिलेक्शन सॉर्टला दोन्ही याद्यांवर २८ तुलना लागतात, म्हणजे तो वाईटच ना?

उत्तर:

कोड बरोबर आहे, तुमचाही आणि मित्राचाही. चारही आकडे मी हाताने ताडून पाहिले, ते तसेच यायला हवेत. गडबड आहे ती "यादी जवळपास लागलेली असेल तर फ्लॅगमुळे बबल सॉर्ट लवकर थांबतो" या वाक्यात. हे वाक्य बहुतेक नोट्समध्ये असतं आणि ते अर्धवट आहे. यादी किती बिघडली आहे हे मोजायच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. स्वॅप एका पट्टीवर ठरतात, फेऱ्या दुसऱ्या पट्टीवर. तुमच्या दोन याद्या पहिल्या पट्टीवर अगदी सारख्या आहेत आणि दुसरीवर दोन टोकांना. इतकं नेमकं उदाहरण तुमच्या हाती आलंय की त्यावरच सगळं उलगडता येईल.

आधी कोणता कोड गृहीत धरतोय ते सांगतो, म्हणजे मोजणीत घोळ नको:

```c
for (i = 0; i < n - 1; i++) {
    swapped = 0;
    for (j = 0; j < n - 1 - i; j++) {
        comps++;
        if (a[j] > a[j + 1]) {
            t = a[j]; a[j] = a[j + 1]; a[j + 1] = t;
            swaps++;
            swapped = 1;
        }
    }
    if (!swapped) break;
}
```

तुमच्या यादीवर पहिली फेरी चालवा. फेरी म्हणजे आपण वर्गात ज्याला पास म्हणतो ती, बाहेरच्या लूपची एक खेप. ४२ आणि ४७ ठीक, ४७ आणि ५१ ठीक, असं करत शेवटच्या जोडीपर्यंत काहीच हलत नाही. शेवटी ७६ आणि ३५ समोरासमोर येतात, त्यांची अदलाबदल होते आणि फेरी संपते. सात तुलना, एक स्वॅप, आणि ३५ जेमतेम एक घर डावीकडे सरकला. दुसऱ्या फेरीत सहा तुलना होतात आणि ३५ आणखी एक घर सरकतो. त्याला सात घरं मागे जायचंय आणि एका फेरीत तो एकच घर जाऊ शकतो, कारण आतला लूप डावीकडून उजवीकडे धावतो. ३५ ला एकदा मागे ढकललं की लूप पुढे निघून जातो, तो त्याच्याकडे वळून बघत नाही. त्यामुळे सातही फेऱ्यांत एकेक स्वॅप होतो, फ्लॅग प्रत्येक वेळी १ होतो आणि `break` ची वेळच येत नाही. ७ + ६ + ५ + ४ + ३ + २ + १ मिळून २८.

मित्राच्या यादीत ७६ सुरुवातीला आहे. पहिल्याच फेरीत लूप त्याला हाताशी धरून थेट शेवटपर्यंत घेऊन जातो. सात तुलना, सातही वेळा स्वॅप, आणि यादी लागली. दुसऱ्या फेरीत सहा तुलना होतात, एकही स्वॅप होत नाही, लूप थांबतो. म्हणून १३.

मोठा आकडा उजवीकडे एका फेरीत कितीही घरं जाऊ शकतो, छोटा आकडा डावीकडे एकच घर जातो. बबल सॉर्टचा हा एकतर्फीपणा लक्षात आला की पुढचा नियम सोपा होतो. तो मी विद्यार्थ्यांना कोड चालवण्याआधी कागदावर करायला लावतो.

प्रत्येक आकड्याखाली, त्याच्या डावीकडे त्याच्यापेक्षा मोठे किती आकडे आहेत ते लिहा. तुमच्या यादीत:

```
42  47  51  58  63  70  76  35
 0   0   0   0   0   0   0   7
```

आणि मित्राच्या यादीत:

```
76  35  42  47  51  58  63  70
 0   1   1   1   1   1   1   1
```

खालच्या ओळीची बेरीज दोन्हीकडे ७ आहे. तेच तुमचे स्वॅप. खालच्या ओळीतला सर्वांत मोठा आकडा मात्र तुमच्याकडे ७ आणि मित्राकडे १. तितक्या फेऱ्या खऱ्या कामाच्या. त्यानंतर फ्लॅगची खात्री पटायला आणखी एक फेरी लागते. तुमच्या बाबतीत सात फेऱ्यांतच लूप संपतो, म्हणून खात्रीच्या फेरीचा प्रश्न उरत नाही.

असं का होतं ते समजून घ्या, पाठ करू नका. बेरजेचं कारण सरळ आहे: बबल सॉर्ट नेहमी शेजारच्या दोघांचीच अदलाबदल करतो आणि तीही डावीकडचा मोठा असेल तरच. म्हणजे एका स्वॅपमध्ये उलट क्रमातली नेमकी एक जोडी सुलट होते, बाकी कुठल्याही जोडीचा आपसातला क्रम बदलत नाही. उलट जोड्या जितक्या, तितकेच स्वॅप, एक कमी नाही की जास्त नाही. फ्लॅग लावा किंवा लावू नका, स्वॅप तेवढेच राहतात.

फेऱ्यांचं कारण थोडं खोलात आहे. फेरी चालू असताना लूपच्या हाती कायम आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा असतो. वाटेत ज्या आकड्याच्या डावीकडे त्याच्यापेक्षा मोठा कुणीतरी आहे, त्याची गाठ या हातातल्या आकड्याशी पडते, आणि तो एक आकडा त्याच्यावरून उडी मारून उजवीकडे जातो. बाकीचे मोठे डावीकडेच राहतात. म्हणून प्रत्येक फेरीत खालच्या ओळीतला शून्य नसलेला प्रत्येक आकडा बरोबर एकने कमी होतो. ज्याच्या खाली ७ आहे त्याला शून्यावर यायला सात फेऱ्या लागणारच.

तुमची आणि मित्राची यादी ही दोन टोकं झाली. तेच आठ आकडे जरा मिसळून घेऊ:

```
51  35  63  42  76  58  47  70
 0   1   0   2   0   2   4   1
```

बेरीज १०, सर्वांत मोठा ४. म्हणजे दहा स्वॅप, चार कामाच्या फेऱ्या आणि एक खात्रीची. आता प्रत्यक्ष चालवून बघा. पहिल्या फेरीनंतर ३५, ५१, ४२, ६३, ५८, ४७, ७०, ७६ येतं आणि पाच स्वॅप होतात. दुसरीनंतर ३५, ४२, ५१, ५८, ४७, ६३, ७०, ७६, इथे तीन स्वॅप. पुढच्या दोन फेऱ्यांत एकटा ४७ एकेक घर मागे येतो. पाचव्या फेरीत काही होत नाही आणि लूप थांबतो. तुलना ७ + ६ + ५ + ४ + ३, म्हणजे २५.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघा, कारण फ्लॅगबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे. सातपैकी दोन फेऱ्या वाचल्या, ऐकायला बरं वाटतं. पण वाचलेल्या त्या शेवटच्या दोन, एक आणि दोन तुलनांच्या. २८ पैकी फक्त ३ तुलना वाचल्या. फ्लॅग नेहमी शेपटाकडूनच वाचवतो, आणि शेपटाकडच्या फेऱ्या सर्वांत स्वस्त असतात.

यादी मोठी झाली की हे आणखी ठळक होतं. १०० आकडे कसेही विस्कटलेले असतील, तर सरासरीने साधारण ८९ फेऱ्या होऊनच फ्लॅग लागतो. उरलेल्या दहा फेऱ्यांच्या तुलना म्हणजे १ ते १० ची बेरीज, ५५. नशीब जरा बरं असेल तर आणखी थोड्या. एकूण ४९५० तुलनांतून सरासरीने शंभरसुद्धा कमी होत नाहीत. म्हणून विस्कटलेल्या डेटावर "फ्लॅगमुळे बबल सॉर्ट सुधारतो" असं म्हणायला मी तयार नाही. फ्लॅगचा खरा उपयोग दोनच ठिकाणी होतो. एक, यादी आधीच लागलेली आहे, मग ९९ तुलनांत सुटका. दोन, सगळे आकडे आपापल्या जागेपासून डावीकडे फार घरं जायचे नाहीत. मोठा आकडा पुढे येऊन बसला असेल तर चालतं, छोटा मागे जाऊन बसला असेल तर नाही.

दुर्दैवाने प्रत्यक्षात छोटा आकडा मागे जाऊन बसल्याचा प्रकारच जास्त दिसतो. लागलेल्या यादीत नवी नोंद आली की ती शेवटी जोडली जाते. ती नोंद लहान निघाली की तुमचीच यादी तयार होते. अशा वेळी दोन सोपे उपाय आहेत. आतला लूप उजवीकडून डावीकडे फिरवा, म्हणजे छोटा आकडा एका फेरीत पुढे येतो. तुमच्या यादीला मग ७ आणि ६ मिळून १३ तुलना पुरतात, पण आता मित्राची यादी २८ वर जाते. डेटा कसा येईल हे माहीत नसेल तर एक फेरी इकडून, एक तिकडून करा. याला कॉकटेल सॉर्ट म्हणतात. तुमच्या यादीवर पहिली फेरी ७ तुलनांची, दुसरी उलटी ६ तुलनांची, तिच्यात ३५ थेट पुढे येतो, आणि तिसरी ५ तुलनांची खात्रीची. एकूण १८. स्वॅप तिन्ही प्रकारांत सातच, कारण उलट जोड्या सातच आहेत.

आता सिलेक्शन सॉर्ट.

```c
for (i = 0; i < n - 1; i++) {
    min = i;
    for (j = i + 1; j < n; j++) {
        comps++;
        if (a[j] < a[min]) min = j;
    }
    if (min != i) {
        t = a[i]; a[i] = a[min]; a[min] = t;
        swaps++;
    }
}
```

याच्या तुलना यादी कशीही असली तरी `n(n-1)/2`, आठ आकड्यांना २८. विद्यार्थी मला विचारतात की इथेही फ्लॅग लावून लवकर का थांबू नये. लावता येत नाही, आणि याचं कारण व्हायवाला विचारलं जातं. बबल सॉर्टच्या एका फेरीत स्वॅप झाला नाही, याचा अर्थ उरलेल्या प्रत्येक शेजारच्या जोडीचा क्रम तपासला गेला आणि तो बरोबर निघाला. म्हणजे यादी लागली. सिलेक्शन सॉर्टच्या फेरीत स्वॅप झाला नाही, याचा अर्थ इतकाच की उरलेल्यांतला सर्वांत लहान आकडा आधीच पुढे होता. त्याच्या मागच्यांच्या क्रमाबद्दल त्या फेरीने काहीच शोधलेलं नाही. १, ४, ३, २ घ्या. पहिल्या फेरीत स्वॅप नाही, पण यादी लागलेली आहे का?

मग त्याची जमेची बाजू कोणती? स्वॅप. एका स्वॅपमध्ये निदान एक आकडा त्याच्या कायमच्या जागी जातो आणि पुन्हा हलत नाही. त्यामुळे n आकड्यांना जास्तीत जास्त n-1 स्वॅप. मघाच्या मिसळलेल्या यादीवर बघा: ३५ पुढे आला, मग ४२, मग ४७. ५१ आपोआप जागेवर आलेला होता. मग ५८, ६३, ७०. सहा स्वॅप. बबलला दहा लागले होते.

स्वॅप सहाच का, हेही आधीच सांगता येतं. ५१ ची जागा चौथी, चौथ्या जागेवर ४२ बसलाय, त्याची जागा दुसरी, तिथे ३५ बसलाय, त्याची जागा पहिली, जिथे ५१ आहे. तिघांचं एक चक्र झालं. उरलेल्या पाच जणांचं, ६३, ५८, ७६, ७० आणि ४७ यांचं, असंच दुसरं चक्र आहे. प्रत्येक चक्राला त्यातल्या आकड्यांपेक्षा एक कमी स्वॅप लागतो: २ आणि ४, मिळून ६. आकडे सगळे वेगळे असतील तर याहून कमी स्वॅपमध्ये, दोन-दोन आकड्यांची अदलाबदल करत, ही यादी कुठल्याच पद्धतीने लागणार नाही. स्वॅपच्या बाबतीत सिलेक्शन सॉर्ट कमीत कमी मर्यादेवरच उभा आहे.

हाच हिशोब तुमच्या यादीला लावला तर आठही आकडे एकाच चक्रात आहेत, कारण ३५ पुढे यायचा म्हणजे बाकी सगळ्यांना एकेक घर सरकावं लागतं. म्हणून तिथे सिलेक्शनचेही ७ स्वॅप. तुमच्या दोन याद्यांवर त्याचा फायदा दिसला नाही तो यामुळे. पण ७६, ४२, ४७, ५१, ५८, ६३, ७०, ३५ अशी यादी घ्या, ज्यात फक्त दोन टोकं एकमेकांच्या जागी आहेत. सिलेक्शनला एक स्वॅप पुरतो. बबलला १३ लागतात आणि तुलनाही पूर्ण २८, कारण ३५ पुन्हा शेवटीच आहे.

आता "वाईट कोण" या प्रश्नाकडे येतो. याचं उत्तर तुमच्या मशीनवर तुलना महाग की स्वॅप महाग यावर अवलंबून आहे. कॉलेजच्या संगणकावर `int` ची अ‍ॅरे लावताना दोन्ही इतकं स्वस्त असतं की आठ काय, शंभर आकड्यांनाही फरक जाणवणार नाही. माझं काम मायक्रोकंट्रोलरवर चालतं आणि तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.

अर्डुइनो उनोवर जी चिप असते, `ATmega328P`, तिच्यात १०२४ बाइटची ईईप्रॉम असते. वीज गेली तरी तिच्यातला डेटा राहतो, म्हणून लोक तिच्यात रीडिंग साठवतात. एक बाइट वाचायला प्रोसेसर चार क्लॉक सायकल थांबतो, १६ मेगाहर्ट्झवर म्हणजे पाव मायक्रोसेकंद. एक बाइट लिहायला मात्र सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. वाचण्याच्या हजारो पट. वर, एकेक बाइट साधारण एक लाख वेळाच लिहिता येतो अशी उत्पादकाची हमी असते.

आता समजा तिच्यात एकेका बाइटची १०० रीडिंग आहेत आणि कुणी ती जागेवरच लावायला घेतली. तुलना ४९५० असोत की ४८५०, वाचायचाच खर्च असल्याने त्या काही मिलिसेकंदांत उरकतात, त्यांचा विचारही नको. स्वॅप बघा. विस्कटलेल्या १०० आकड्यांत उलट जोड्या सरासरीने `n(n-1)/4`, म्हणजे २४७५. प्रत्येक स्वॅपमध्ये दोन बाइट लिहायचे, म्हणजे ४९५० वेळा लिहिणं, सोळा सेकंदांहून जास्त. सिलेक्शनचे स्वॅप सरासरीने ९५ च्या आसपास, लिहिणं १९० वेळा, पाऊण सेकंदाच्या आत. झिजेचा हिशोब आणखी बोलका आहे. बबलमध्ये एका सॉर्टला प्रत्येक बाइट सरासरीने पन्नास वेळा लिहिला जातो, म्हणजे दोन हजार सॉर्टमध्ये एक लाखाची हमी संपते. दर तासाला सॉर्ट केलं तर तीन महिनेही नाहीत. सिलेक्शनमध्ये एका सॉर्टला बाइटमागे सरासरी दोनदा लिहिणं होतं, तीच ईईप्रॉम पन्नास हजार सॉर्टपर्यंत जाते.

हेही सांगायला हवं की शंभर बाइट असतील तर मी स्वतः ते ईईप्रॉममध्ये लावणारच नाही. त्या चिपमध्ये २ किलोबाइट रॅम आहे. सगळं रॅममध्ये आणायचं, तिथे हव्या त्या पद्धतीने लावायचं आणि जे बाइट बदलले तेवढेच परत लिहायचे. पण डेटा रॅममध्ये मावत नसेल, किंवा अ‍ॅरेतली एकेक नोंद मोठी स्ट्रक्ट असून ती जागेवरून हलवणंच खर्चिक असेल, तेव्हा सिलेक्शन सॉर्टची ही कंजुषी कामी येते.

उलट बाजूही आहे. समजा नावांची यादी लावायची आहे आणि अ‍ॅरेत नावांचे फक्त पॉइंटर आहेत. स्वॅप म्हणजे दोन पॉइंटर इकडचे तिकडे, नावं जागची हलत नाहीत. तुलना मात्र `strcmp` ने एकेक बाइट बघत होते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. एकाच आडनावाचे वीस जण यादीत असतील तर प्रत्येक तुलना आख्खं आडनाव ओलांडूनच पुढे जाते. इथे स्वॅप वाचवून काही मिळत नाही, तुलना वाचवायला हव्यात. यादी बहुतांशी लागलेली येत असेल आणि मागच्या कुठल्या नावाला फार पुढे यायचं नसेल, तर फ्लॅगवाला बबल सिलेक्शनला मागे टाकतो. अर्थात अशा यादीला मी इन्सर्शन सॉर्ट वापरेन. तोही उलट जोड्या तेवढ्याच सोडवतो, पण त्याच्या तुलना उलट जोड्यांच्या संख्येत n-1 मिळवले तर त्याच्या वर जात नाहीत. तुमच्या यादीवर त्या जास्तीत जास्त १४, आणि मित्राच्या यादीवरही तितक्याच. ३५ शेवटी आहे की ७६ सुरुवातीला, याने त्याला फरक पडत नाही.

आणखी एक मुद्दा. तुमचे आकडे परीक्षेतले गुण आहेत असं समजा. दोघांना सारखेच ४७ गुण आहेत आणि यादी आधी हजेरी क्रमांकाने लावलेली आहे. बबल सॉर्ट त्या दोघांचा आपसातला क्रम मोडत नाही, कारण समान आकड्यांची तो अदलाबदल करत नाही. सिलेक्शन मोडू शकतो. ४७ (क्रमांक ३), ४७ (क्रमांक ८), ३५ अशी यादी घ्या. पहिलाच स्वॅप ३५ ला पुढे आणतो आणि क्रमांक ३ ला शेवटी फेकतो, आता ८ हा ३ च्या आधी आला. लांब उडीचे स्वॅप करून जी बचत होते तिची ही किंमत आहे, आणि गुणवत्ता यादी लावताना ती परवडणार नाही. बबलमध्येही कुणी `>` ऐवजी `>=` लिहिलं की ही खात्री जाते. शिवाय दोन समान आकडे शेजारी आले की ते प्रत्येक फेरीत उगाच बदलले जातात, फ्लॅग १ होत राहतो आणि लूप `while (swapped)` असा लिहिला असून आतली मर्यादा कमी होत नसेल तर प्रोग्राम थांबतच नाही. प्रोग्राम लटकला तर आधी ते चिन्ह बघा.

शेवटी, प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना दोन चुका मला सतत दिसतात. तुमच्या वर्गात मोजणी जुळत नसेल तर बहुधा यांपैकीच एक असेल.

पहिली, `swapped = 0` बाहेरच्या लूपच्या आधी एकदाच लिहिणं. एकदा स्वॅप झाला की फ्लॅग कायमचा १ राहतो. उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही, पण लवकर थांबणं बंद झालेलं असतं. हे पकडायला मित्राची यादी उत्तम आहे: १३ ऐवजी २८ आलं की फ्लॅगची जागा चुकली. तुमच्या यादीने ही चूक कधीच पकडली जाणार नाही, कारण तिथे बरोबर कोडलाही २८ च येतात. लागलेल्या यादीनेही ती सापडत नाही, कारण तिथे एकही स्वॅप होत नाही.

दुसरी जास्त गंभीर आहे. पुष्कळ वह्यांत "सिलेक्शन सॉर्ट" म्हणून, आणि काही वह्यांत चक्क "बबल सॉर्ट" म्हणून, हा आतला लूप असतो:

```c
for (j = i + 1; j < n; j++)
    if (a[i] > a[j]) {
        t = a[i]; a[i] = a[j]; a[j] = t;
    }
```

हा दोन्हीपैकी एकही नाही. हा एक्सचेंज सॉर्ट. सर्वांत लहान कोण ते आधी शोधून मग एकदाच बदलण्याऐवजी तो वाटेत जो लहान दिसेल त्याच्याशी लगेच बदलत सुटतो, त्यामुळे सिलेक्शनची कमी स्वॅपची कमाई जाते. आणि तो शेजारच्या जोड्या तपासत नाही, त्यामुळे याला फ्लॅग लावला तर उत्तरच चुकतं. १, ३, २ देऊन बघा: पहिल्या फेरीत १ ची तुलना ३ शी आणि २ शी होते, स्वॅप होत नाही, लूप थांबतो आणि १, ३, २ तसंच छापलं जातं. तुमच्या कोडला ही तीन आकड्यांची यादीही एकदा दिलेली बरी. बबलने ३ तुलना, १ स्वॅप दाखवला पाहिजे. सिलेक्शननेही तेवढंच.